खड्डा शिखरापासून मोजायचा

काल नवी पेठेत चहा पिताना तू म्हणालास, “काका, शेअर्समध्ये एक लाखाचे सत्तर हजार झाले, तीस टक्केच गेले.” तुझं खातं उघडून बघ. मार्चमध्ये तिथे १ लाख ४० हजार दिसत होते. मॅक्सिमम ड्रॉडाउन, म्हणजे सर्वात मोठी घसरण, त्या सर्वोच्च आकड्यापासून नंतरच्या तळापर्यंत मोजतात. म्हणजे तुझी घसरण ५० टक्क्यांची आहे.

आता वर यायचं गणित बघ. गेले सत्तर हजार, आणि हातात उरलेत तेही सत्तर हजारच. त्यांना परत १ लाख ४० हजार व्हायला शंभर टक्के वाढावं लागेल, कारण टक्केवारी आता लहान झालेल्या रकमेवर लागते. वर्षाला १२ टक्के मिळाले तरी सहा वर्षं जातील. तीच घसरण २० टक्क्यांवर थांबली असती, तर २५ टक्के वाढ पुरली असती, दोनेक वर्षांत.

हे सेन्सेक्सलाही चुकलं नाही. जानेवारी २००८ च्या शिखरापासून मार्च २००९ पर्यंत तो साधारण ६१ टक्के पडला आणि भरपाईला सुमारे १५६ टक्के वाढ लागली. पण तो निर्देशांक होता, २०१० च्या दिवाळीपर्यंत सावरला. एकट्या शेअरला तशी खात्री नसते, म्हणून मला तुझी काळजी वाटते. उधारीवर सौदे वाढवून भरपाई करू नकोस. सत्तरवर आणखी तीस टक्के गेले तर ४९ हजार उरतील, आणि तिथून जवळजवळ १८६ टक्के लागतील.