नोकरी गेल्याचं आईबाबांना सांगताना

"नोकरी गेलीय. नवऱ्याला माहीत आहे, पण आईबाबांना आणि दादाला अजून सांगितलेलं नाही. कळलं की आई रडेल, बाबांची झोप उडेल आणि मग सगळे मला बिचारी समजतील. दुसरी मिळाली की दोन्ही एकदमच सांगितलं तर चालेल ना?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊन हे विचारणाऱ्या बाई चाळिशीतल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण चिंता इतक्या जणांची आहे की बदलायला फारसं काही लागलं नाही. कुणाचे बाबा असतात, कुणाचे सासरे, कुणाची मोठी बहीण. आणि ‘दुसरी मिळाल्यावर सांगू’ हा बेत तर जवळपास प्रत्येकाचा असतो.

या बेताची अडचण अशी की दुसरी कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. एक महिन्याचे चार कधी होतात ते कळत नाही. बाईंना दीड महिना झाला होता. आईचा फोन ठरलेल्या वेळी यायचा आणि ‘आज लवकर सुटलीस का?’ असं आईने सहज विचारलं तरी त्यांच्या पोटात गोळा यायचा. नवऱ्यालाही सासऱ्यांशी जपून बोलावं लागायचं. मुलगा एकदा विचारून गेला होता, "आई, तुझी सुट्टी अजून संपली नाही?"

मी विचारलं, "फोनवरची ती दहा मिनिटं सोडली, तर उरलेला दिवस कसा जातो?"

त्या म्हणाल्या, "फोन परवडला. बाकी वेळ तेच डोक्यात. अर्ज लिहायला बसले की मनातल्या मनात बाबांना उत्तरं देत बसते."

मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं गुपितांवरचं संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यात हेच दिसलं होतं. समोरच्यापासून गोष्ट लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. एकटं असताना मन तिच्याकडे कितीतरी जास्त वेळा वळतं आणि त्रास मुख्यतः त्या वळण्याचा असतो. म्हणजे आईबाबांचा त्रास वाचवायला म्हणून जे चाललं होतं, त्याने बाईंचं अर्ज लिहिण्याचं बळच खर्च होत होतं. सांगायचं हे त्यानंतर त्यांनी स्वतःच ठरवलं. प्रश्न उरला कसं सांगायचं याचा.

मी त्यांना म्हटलं, जे बोलणार आहात ते जसंच्या तसं लिहून आणा. पुढच्या वेळी त्यांनी दोन पानं भरून आणली. मी हातात पेन्सिल घेतली आणि म्हटलं, वाचा. जिथे वाक्य घडलेल्या गोष्टीबद्दल नसून कुणाच्या तरी भावनेबद्दल होतं, तिथे मी खाली रेघ ओढत गेले. ‘बाबा, आधी शांतपणे ऐकून घ्या’ – रेघ. ‘आई, तू अजिबात रडायचं नाहीस’ – रेघ. ‘यात माझी काडीचीही चूक नव्हती’ – रेघ. नंतर साहेबांनी केलेला अन्याय, कुणाला ठेवलं आणि कुणाला काढलं, याचा अख्खा परिच्छेद. ‘माझी नोकरी गेली’ हे तीन शब्द दुसऱ्या पानावर, निम्म्याच्याही खाली होते.

ऐकणाऱ्याच्या जागी बसून बघा. मुलगी म्हणते आहे शांत राहा, रडू नका, आणि काय झालं ते मात्र सांगत नाही. त्या दोन मिनिटांत आईबापाच्या मनात आजारपण, अपघात, संसार मोडणं, सगळं येऊन जातं. घाबरवते ती ही प्रस्तावना. गंभीर आजाराचं निदान सांगायला डॉक्टरांना शिकवतात, तेव्हाही क्रम असाच देतात: बातमी चांगली नाही अशी कल्पना देणारं एक वाक्य, लगेच सरळ शब्दांत बातमी, आणि मग थांबायचं. त्या थांबण्यातच सगळी परीक्षा असते.

मजकूर छोटा केल्यावर आम्ही तालीम केली. मी बाबा झाले. बाईंनी नीट सांगितलं, "बाबा, माझी नोकरी गेली." मी काहीच बोलले नाही. पाच-सात सेकंद गेले असतील. त्या घाईने म्हणाल्या, "पण तुम्ही काळजी करू नका हं, मी बघते, होईल सगळं." पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डोळे भरून आले आणि "मी तरी काय करू, सांगा ना" असं तोंडून गेलं.

इथे मी तालीम थांबवली.

"मी गप्प होते तेव्हा बाबा मनात काय म्हणत होते?"

"हिला एवढं शिकवलं आणि हिला साधी नोकरी टिकवता आली नाही."

असं कुणी सांगितलं की ‘छे, बाबा असं म्हणणारच नाहीत’ असा धीर देण्याची आपल्याला सवय असते. मी तो देत नाही. बाबांना मी ओळखत नाही, आणि ते म्हणणार नाहीत याची हमी कुणीच देऊ शकत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीला मानणाऱ्यांपैकी मी आहे. त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट ही, की भीती खोटी ठरवायच्या आधी ती खरी धरून शेवटपर्यंत जायचं.

म्हणून मी म्हटलं, "समजा, बाबा हेच म्हणाले. याच शब्दांत. मग?"

"मग काय, संपलंच."

"काय संपलं?"

बराच वेळ गेला. "म्हणजे… खूप लागेल मनाला."

"लागणारच. त्या दिवशी रात्री काय कराल?"

"रडेन."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी दहा वाजता एका ठिकाणी मुलाखत असली तर जाईन." हे म्हणताना त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. मग हळू म्हणाल्या, "म्हणजे ते म्हणाले तरी चालेल. आवडणार नाही. पण चालेल."

त्यांचे खांदे तेव्हा खाली आले, ते मी पाहिलं. मला या कामात सगळ्यात जास्त समाधान देणारी जागा हीच. धीर देऊन जे होत नाही ते इथे होतं. ‘बाबांनी मला नापास करताच कामा नये’ या हट्टाची ‘केलं नाही तर बरं’ अशी इच्छा झाली की गप्प बसता येतं. मला या कामातून कळलेलं असं, की घाबरून बोलणं आणि सहानुभूती मागणं या दिसायला वेगळ्या पण मुळात एकाच गोष्टी आहेत. दोन्हींत समोरच्याने कसं वागायचं ते आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं. एकात त्याने काळजी करायची नसते, दुसऱ्यात त्याने जवळ घ्यायचं असतं. शेवटी आपल्याकडे काम एवढंच उरतं की खरं आणि पुरेसं सांगायचं.

पुरेसं म्हणजे किती, यावर मात्र वेळ घालवावा. बाईंनी नवऱ्याबरोबर बसून हिशोब मांडला: हातातली शिल्लक, कंपनीकडून यायची बाकी, घरात येणारा एक पगार, आणि दुसऱ्या बाजूला टाळता न येणारे खर्च आणि हप्ते. घर किती महिने चालेल याचा आकडा हातात असला की आवाज आपोआप स्थिर होतो. ‘होईल काहीतरी’ म्हणताना तो कापतो, आणि आईबापांना ते लगेच ऐकू येतं. शेवटी उरलेला मजकूर असा होता:

"आई, बाबा, एक गोष्ट सांगायची आहे, चांगली नाही. माझी नोकरी गेली. कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्याला दीड महिना झाला. आधी सांगितलं नाही, कारण माझी हिंमत होत नव्हती. हिशोब केलाय, सात महिने आमचं घर नीट चालेल. तुम्हाला पाठवते ते पैसे तीन महिने तेवढेच येतील. नंतर कमी करावे लागले तर महिनाभर आधी सांगेन. अर्ज सुरू आहेत."

लपवल्याबद्दल एकच वाक्य आहे, हे बघा. ते हवंच, कारण नोकरी गेल्यापेक्षा ‘आम्हाला परकं केलंस’ हे जास्त लागतं. पण त्याची दहा वाक्यं झाली की माफी मागता मागता आपण पुन्हा समजूत घालून घ्यायला बसतो. दुसरं म्हणजे, यात ‘मी बघते’ असं कुठेही नाही, पण आईबाबांवर ज्याचा परिणाम होणार ती पैशांची गोष्ट स्पष्ट आहे. ती न विचारता सांगितली नाही तर ते विचारणारही नाहीत आणि रात्रभर तिचाच विचार करतील.

बाईंनी दोघांना समोर बसवून सकाळच्या वेळी सांगितलं. सकाळ यासाठी की नंतर आठवलेले प्रश्न विचारायला दिवस हातात राहतो. दादाला त्याच दिवशी वेगळा फोन केला. घरच्या ग्रुपवर टाकायचं नाही हे आधीच ठरलं होतं. आई रडली. बाईंनी तिचा हात धरला आणि रडू दिलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हप्ता किती राहिलाय?" बाई मला सांगत होत्या, "एवढंच विचारलं हो त्यांनी! आणि मी आकडा सांगितला." शिकवल्याचा विषय निघाला नाही. निघाला असता तरी बाई तयार होत्या, आणि मी महत्त्व त्याला देते.

त्यांचाही आवाज मध्येच भरून आला होता, म्हणून ‘मी शांत राहिले नाही’ अशी रुखरुख त्यांना होती. मी त्यांना सांगितलं, डोळ्यांत पाणी येणं म्हणजे कीव मागणं नव्हे. थांबायचं, श्वास घ्यायचा, अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करायचं. कीव मागायला लागलो हे ओळखायची खूण वेगळी आहे: सांगायचं सगळं सांगून झालेलं असतं, तरी आपण तेच पुन्हा सांगतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. मदत मागण्यात मात्र काहीही गैर नाही. ती नेमकी असली की झालं. दादाकडे त्यांनी एवढंच मागितलं, "तुझ्या ओळखीत या कामाची जागा निघाली तर मला कळव, आणि मावशीला मी स्वतः सांगेपर्यंत कुणाकडे बोलू नकोस." दादाने लगेच सल्ले सुरू केले. "दादा, आज फक्त सांगायचं होतं. सल्ल्यासाठी रविवारी फोन करते," असं त्या म्हणाल्या, आणि रविवारी खरंच केला.

खरी कटकट पुढच्या आठवड्यात सुरू झाली, आणि ती सगळ्यांकडे होते. आई रोज विचारू लागली, "काही कळलं का?" रोज ‘नाही’ म्हणावं लागलं की माणूस फोन टाळायला लागतो आणि पुन्हा लपवणं सुरू होतं. यावर वार ठरवून घ्यावा. "आई, रविवारी मी स्वतःहून सगळं सांगेन. मधे काही चांगलं घडलं तर त्याच मिनिटाला फोन करेन. एरवी आपण दुसरं बोलू." आईला हे पाळायला थोडे दिवस लागले. ती चुकून विचारायची, बाई ‘रविवारी’ म्हणायच्या.

मुलालाही त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं, त्याला कळेल अशा दोन वाक्यांत, आणि आजीआजोबांपासून लपवायला त्याला कधीच सांगितलं नाही. मुलांना अशा गुपितात सामील करू नये.

हे सगळीकडे असंच्या असं चालणार नाही. घरातलं कुणी नुकतंच मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून थोडं थांबावं. जिथे बातमी कळल्यावर मारहाणीची भीती आहे, तिथे आधी स्वतःची सुरक्षितता बघावी, सांगणं नंतर. आणि ज्यांची झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेलेली आहे, किंवा जगावंसंच वाटत नाही असे विचार येत आहेत, त्यांनी मजकूर लिहीत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावं, आणि जाताना घरातल्या एका माणसाला बरोबर न्यावं.