‘काळ्या मुली परी होत नाहीत’ हे चार वर्षांच्या मुलीला सुचतं कसं?

ठाण्यात बालवाडीत जाणारी माझी लेक असं म्हणते. घरी असं कोणीच बोलत नाही. मग आलं कुठून?

हा नियम तुमच्या लेकीनं स्वतःच बांधलाय. या वयात मुलं डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून गट पाडतात. गॅदरिंगमध्ये दरवेळी गोरीच मुलगी परी झाली आणि का ते कोणी सांगितलं नाही, की कारण रंगातच असणार असं ती धरून चालते. मेगन पॅटरसन आणि रिबेका बिगलर या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाल किंवा निळे टी-शर्ट दिले होते. जिथे शिक्षिका रंगाचं नाव घेऊन हाका मारत, तिथे ‘आपला गट भारी’ ही भावना जास्त वाढली; पण जिथे शिक्षिका रंगाबद्दल काहीच बोलल्या नाहीत, तिथेही ती आलीच. म्हणून गप्प बसू नका. ‘परी कोण होणार हे मोठी माणसं ठरवतात, आणि त्यांचं चुकतंय’ असं तिला सरळ सांगा. मात्र कोणाच्या रंगाबद्दल तिनं नुसतं विचारलं, तर तो पूर्वग्रह नव्हे. तिथे रागावू नका.