थायरॉईडची गोळी चालू असताना कोबी, सोयाबीन आणि चहाचं काय करायचं?

प्रश्न: आईला हायपोथायरॉईड आहे. कोबी-फ्लॉवर पूर्ण बंद करायचे का? सोया चंक्स चालतात का? गोळीनंतर चहा किती वेळाने?

उत्तर: कोबी-फ्लॉवर बंद करू नका. त्यांतले थायरॉईडला अडवणारे घटक शिजवल्यावर बरेच कमी होतात, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा भाजी खुशाल करा. टाळायचा तो रोजचा कच्च्या कोबीचा वाटीभर रस, जो वजन कमी करायला म्हणून हल्ली पितात.

सोयाची अडचण वेगळी आहे. सोयामुळे आतड्यात गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून चंक्स नाश्त्याला नकोत, दुपारच्या जेवणात चालतील. प्रमाण मात्र साधारण सारखं ठेवा. महिनाभर रोज आणि मग एकदम बंद, असं झालं तर थायरॉईडच्या रक्ततपासणीतला टीएसएच वरखाली होतो आणि डोस उगाच बदलला जातो.

खरी गडबड वेळेची असते. सकाळी सहाला गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली, तर चहा-नाश्ता सातला. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल, तर मध्ये चार तास हवेत, म्हणजे ती दुपारी जेवणानंतर. वेळा बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. डोस डॉक्टरच ठरवतील.