पंधराशेचा प्लॅन आणि चोवीसशेचं बिल

एप्रिलमध्ये बुकिंग सॉफ्टवेअरचा प्लॅन ६०० वरून १५०० केला. ५ मेला खात्यातून २४०७ रुपये २० पैसे गेले. लुटतायत काय?
(होमस्टेवाले, तारकर्ली)

लुटत नाहीयेत, पण तुम्हाला आधी धड सांगितलं नाही हे मात्र खरं. तुम्ही पाठवलेलं बिल समोर ठेवूनच लिहितोय. तुमची सायकल ५ तारखेची, म्हणजे ५ एप्रिल ते ४ मे, मोजून ३० दिवस. मेच्या गर्दीआधी जास्त रूम चढवायच्या म्हणून तुम्ही १७ एप्रिलला अपग्रेड केलं. म्हणजे ५ ते १६ हे १२ दिवस जुन्या प्लॅनवर गेले आणि १८ उरले.

आता ६०० तर तुम्ही ५ एप्रिललाच भरून बसलात, सबस्क्रिप्शनचं पैसे आधी, वापर नंतर असंच असतं. त्यातले न वापरलेल्या १८ दिवसांचे ३६० तुमचे, ती बिलातली मायनसची ओळ. त्याच १८ दिवसांचे नवीन प्लॅनच्या दराने ९०० होतात, ती प्लसची ओळ. फरक ५४०. हे ५४० त्यांनी त्याच दिवशी न घेता पुढच्या बिलात ढकलले, आणि पुढचं बिल म्हणजे ५ मेपासूनच्या महिन्याचे पूर्ण १५००. झाले २०४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६७ रुपये २० पैसे, बेरीज २४०७.२०. पुढच्या महिन्यापासून १७७० च येतील.

बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर उलट बाजूने मोजा. १२ दिवस जुन्या दराने २४०, १८ दिवस नव्या दराने ९००, एकूण ११४०. तुम्ही दिलेत किती, तर आधीचे ६०० आणि नंतरचे ५४०, तेही ११४०. जुळलं की भांडायचं कारण नाही. न जुळलं तर बहुतेक वेळा मायनसची ओळच गायब असते, पहिलं तिथे बघा.

आम्ही सॉफ्टवेअर विकतो. अपग्रेड केलेल्या ग्राहकांचंच पुढचं ऑटोपे फेल जातं, बाकीच्यांचं नीट कापलं जातं. बँकेला विचारलं तर तुमच्याकडूनच प्रॉब्लेम म्हणतात.
(रत्नागिरी)

बँक बरोबर बोलतेय. मँडेट घेताना तुम्ही जास्तीत जास्त रक्कम किती टाकली होती ते बघा. जुन्या ६०० च्या प्लॅनला कोणीतरी ऐसपैस म्हणून २००० टाकलेले असणार, आणि वरच्या तारकर्लीच्या बिलासारखं २४०७ चं बिल आलं की ते त्या मर्यादेच्या बाहेर जातं आणि डेबिट नाकारलं जातं. गंमत म्हणजे नवीन प्लॅनचे नेहमीचे १७७० त्यात आरामात बसतात, म्हणून हा लोच्या फक्त अपग्रेडनंतरच्या पहिल्या बिलाला दिसतो आणि टेस्टिंगमध्ये कोणाला सापडत नाही.

सोपा उपाय म्हणजे फरक पुढच्या बिलात ढकलू नका, अपग्रेडचं बटण दाबलं की तिथेच घ्या. ५४० आणि जीएसटी मिळून ६३७.२० त्या दिवशी, ग्राहक समोर असतो, ओटीपी पण तोच टाकतो. मग ५ तारखेला १७७० च जातात, आणि मी १५०० चा प्लॅन घेतला मग २४०० का असा फोनही येत नाही. तुम्ही स्ट्राइप वापरत असाल तर हे एका सेटिंगचं काम आहे:

```
proration_behavior=always_invoice
```

काहीच दिलं नाही तर तिथे `create_prorations` धरलं जातं, म्हणजे ओळी तयार होतात पण पुढच्या बिलाची वाट बघत बसतात. मोठ्या प्लॅनवाल्यांसाठी अजून एक, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नेहमीच्या ऑटोपेला १५,००० पर्यंतच ओटीपीशिवाय चालतं आणि कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला मेसेज जावा लागतो. त्या मेसेजमधली रक्कम फरकासकटची हवी, नुसती प्लॅनची नाही.

आमचं केबल-इंटरनेट आहे. मुलगा एक्सेलमध्ये सरळ ३० ने भागतो. चालतं ना?
(दापोली)

एप्रिलमध्ये चालतं. ५ फेब्रुवारी ते ४ मार्च सायकल घ्या, लीप वर्ष नसेल तर २८ दिवस. एखाद्याने ५ तारखेलाच ६०० वरून १५०० केलं तर पूर्ण सायकल शिल्लक, फरक सरळ ९०० यायला हवा. ३० ने भागून २८ ने गुणलं की येतात ८४०, तुमचे ६० गेले. ५ जुलै ते ४ ऑगस्टला ३१ दिवस, तिथे ९३० येतात, ग्राहकाचे ३० गेले. म्हणून त्या सायकलमध्ये खरे जितके दिवस आहेत तितक्यानेच भागायचं.

आणि अपग्रेडचा दिवस एकाच बाजूला धरा. माझ्या स्वतःच्या वायफायच्या बिलात एकदा तो दिवस जुन्या प्लॅनमध्येही होता आणि नव्यातही, वापरलेले १३ आणि उरलेले १८, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३१. रक्कम होती २० रुपये, पण मी तासभर हुज्जत घातली, कारण तीच चूक त्यांच्या प्रत्येक अपग्रेडला होत असणार. मुलाला सांगा, वापरलेले आणि उरलेले यांची बेरीज सायकलएवढी आली नाही तर लाल रंग दाखवेल असा एक कॉलम टाक.

अपग्रेडच्या आधी स्क्रीनवर ५४० दाखवतो, बिल ५३२.५० चं होतं. कोड दहादा बघितला.
(डेव्हलपर, चिपळूण)

कोडपेक्षा घड्याळ बघा. तुमची सिस्टिम दिवसांवर नाही, सेकंदांवर मोजत असणार. दोन प्लॅनमध्ये दिवसाला ३० रुपयांचा फरक, ग्राहकाने सकाळी १० ला रक्कम बघितली आणि दुपारी ४ ला बटण दाबलं, ६ तासांचे साडेसात गेले. दाखवताना धरलेली वेळ साठवून ठेवा आणि अपग्रेड करताना तीच परत द्या, स्ट्राइपमध्ये `proration_date` त्यासाठीच आहे.

पावसात गिऱ्हाईक नसतं. जूनमध्ये परत ६०० वर आलो तर उरलेले पैसे परत मिळतील?
(गुहागर)

रोख परत मिळण्याची आशा धरू नका. १२ जूनला खाली आलात, सायकल ५ जून ते ४ जुलै असली, तर २३ दिवस उरतात. १५०० चे ११५० मायनस, ६०० चे ४६० प्लस, ६९० तुमच्या नावावर जमा. जीएसटी बाजूला ठेवला तर ५ जुलैचे ६०० त्यातून वळते होतात आणि ९० पुढे जातात. रक्कम मायनसमध्ये असेल तर जीएसटीसाठी त्यांनी क्रेडिट नोट द्यायला हवी, नुसतं उणे बिल नाही.

पण हे झालं क्रेडिट देणाऱ्यांचं. बऱ्याच कंपन्या वर जाताना दिवसाचा हिशोब करतात आणि खाली येताना सायकल संपेपर्यंत जुनाच प्लॅन चालू ठेवतात, अटींमध्ये लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. तसं असेल तर १२ जूनला बटण दाबून ४ जुलैपर्यंत १५०० चाच प्लॅन, पावसात रिकाम्या रूमसकट. म्हणून मेचा शेवटचा आठवडा सुरू झाला की रिक्वेस्ट टाकून ठेवा, ४ जूनच्या आधी पोचली पाहिजे, म्हणजे ५ तारखेचं बिलच ६०० चं निघेल.