पाच गटांच्या उत्पन्नावरून विषमता मोजणारा गिनी गुणांक कसा काढायचा?

प्रश्न: रावेरकडच्या एका गावातल्या कुटुंबांचे उत्पन्नानुसार पाच समान गट केले. एकूण उत्पन्नातले वाटे खालून वर ६, १०, १५, २२, ४७ टक्के. लॉरेन्झ वक्र आणि गिनी कसे काढू?

उत्तर: वाटे तसेच आलेखावर मांडू नका, आधी बेरीज चढवत न्या: ६, १६, ३१, ५३, १००. आडव्या अक्षावर कुटुंबं २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के, उभ्यावर ही बेरीज. शून्यापासून बिंदू सरळ रेषांनी जोडा, हाच लॉरेन्झ वक्र, आणि समानतेचा कर्ण काढा. रेष कर्णाच्या वर गेली, तर गटांचा क्रम चुकलाय.

आता रेषेखालचं क्षेत्रफळ. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांच्या उंचीची बेरीज घ्या:

६ + २२ + ४७ + ८४ + १५३ = ३१२ टक्के, म्हणजे ३.१२

पट्टीची रुंदी ०.२, म्हणून क्षेत्रफळ ३.१२ × ०.२ ÷ २ = ०.३१२.

गिनी = १ − २ × ०.३१२ = ०.३७६

खरा गिनी मात्र याहून थोडा जास्तच निघेल. ही रीत गटातल्या सगळ्यांचं उत्पन्न सारखं धरते. वरच्या गटात केळीचा मोठा बागायतदार आणि शाळामास्तर एकत्र आले, तर त्यांच्यातली दरी हिशेबातून गळते. कुटुंबवार कच्चे आकडे हाताशी असतील, तर गट न करता त्यांवरूनच काढा.