लॅबची एसओपी मराठीत करतोय. वाक्यं सोपी करताना पायऱ्या आणि सावधगिरीच्या सूचना मागेपुढे केल्या तर चालेल का?

पायऱ्या अजिबात हलवू नका. सूचना मात्र धोक्याच्या पायरीच्या आधी, क्रमांक न देता चौकटीत घ्या. तंत्रज्ञ नोंदवहीत पायरीचा क्रमांकच लिहितात आणि वाचता वाचता हात चालवतात, त्यामुळे खाली लिहिलेली सूचना उशिरा दिसते. १ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाचं उदाहरण घ्या:

४. सुमारे ८०० मिली पाण्यात २८ मिली संहत आम्ल हळूहळू, ढवळत घाला.
५. थंड झाल्यावर एकूण आकारमान १ लिटर होईपर्यंत पाणी घाला.

चौथ्या पायरीत 'आम्लात पाणी' असं झालं तर द्रावण उकळून अंगावर उडतं. पाचवीत नुसतं '१ लिटर पाणी घाला' लिहिलं तर द्रावण १.८ लिटरच्या आसपास जातं आणि तीव्रता जवळपास निम्मी होते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. ठरावीक अल्कलीला नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट आम्ल लागलं, की टायट्रेशनमध्येच ती कळते. बाटलीवरचं H₂SO₄ मजकुरातही तसंच ठेवा.

फक्त एक, औषध कारखान्यासारख्या ठिकाणी एसओपी नियंत्रित दस्तऐवज असते. तिथे सूचनेची जागा बदलायलाही गुणवत्ता विभागाची मंजुरी घ्या.