शब्दकोशातली नोंद वाचताना अर्थाच्या आधी काय वाचायचं?

प्रश्न: शब्दकोशात शब्द काढला की अर्थाच्या आधी पु., स्त्री., सक्रि. असं काहीतरी असतं. इंग्रजी कोशात आर्केइक, स्लँग, इन्फॉर्मल असे शेरे असतात, खाली चौकटीत टीपही असते. मी हे सगळं सोडून थेट अर्थ वाचतो. या खुणांचा खरंच उपयोग होतो का? त्या कशा वाचायच्या?

उत्तर:

होतो. नुसता अर्थ वाचून शब्द समजतो, पण तो वापरता येईलच असं नाही. वापरायचा कसा आणि कुठे, हे त्या बारीक खुणांमध्ये असतं. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे दिवसभर कोश उघडाच असतो आणि बऱ्याचदा अर्थ माहीत असलेला शब्दही केवळ त्या खुणांसाठी काढून बघते.

आधी व्याकरणाची खूण घेऊ. 'वेळ' हा शब्द तुम्हाला चांगला माहीत आहे. मराठीत तो पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. 'माझा वेळ गेला' म्हणजे मध्ये काही काळ खर्च झाला. 'माझी वेळ आली' म्हणजे ठरलेला क्षण किंवा पाळी आली. लिंग बदललं की अर्थ सरकतो, आणि तेवढ्यावर थांबत नाही, शब्दाचं सामान्यरूपही बदलतं. पुल्लिंगी वेळाचं 'थोड्या वेळाने ये' होतं, स्त्रीलिंगी वेळेचं 'वेळेवर ये' होतं. आपण हे बोलताना नकळत करतो, पण मराठी नव्याने शिकणाऱ्याला 'वेळाने' आणि 'वेळेवर' यांत फरक का, हे सांगणारी जागा म्हणजे नोंदीतलं ते पु. किंवा स्त्री. 'माळ'चंही असंच आहे. पुल्लिंगी माळ म्हणजे उघडं रान, म्हणून 'माळावर'. स्त्रीलिंगी माळ फुलांची किंवा मण्यांची, म्हणून 'माळेत'. एकाच शब्दाची दोन लिंगं दिसली, तर कोणता अर्थ कोणत्या लिंगाखाली दिला आहे ते थांबून बघा. नुसती अर्थांची यादी वाचलीत तर दोन्ही एकमेकांत मिसळतील.

क्रियापदाला सक्रि. (सकर्मक) किंवा अक्रि. (अकर्मक) अशी खूण असते. मराठीत भूतकाळाची रचना बहुतांशी तिच्यावर ठरते: 'वाचणे' सकर्मक, म्हणून 'तिने पत्र वाचलं', 'हसणे' अकर्मक, म्हणून 'ती हसली'. बहुतांशी म्हटलं, कारण शिकणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदं कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणे चालतात: 'ती निरोप विसरली', 'तो मराठी शिकला'. ही गोष्ट खुणेतून कळत नाही, उदाहरणाच्या वाक्यातून कळते. म्हणून नोंदीत दिलेलं उदाहरण कधी गाळू नका.

इंग्रजी कोशातली हीच खूण आपल्याला जास्त उपयोगी पडते, कारण तिथे आपला कान मदतीला नसतो. 'डिस्कस' सकर्मक आहे, म्हणजे त्याच्यामागे थेट विषय येतो, मध्ये 'अबाउट' लागत नाही. आपल्याकडे 'डिस्कस अबाउट' सर्रास ऐकू येतं, कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो. तसंच शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत नामापुढे सी किंवा यू हे अक्षर असतं. सी म्हणजे मोजता येणारं नाम, यू म्हणजे न मोजता येणारं. 'इन्फर्मेशन', 'अॅडव्हाइस', 'फर्निचर' यांच्यापुढे यू असतो, म्हणजे त्यांना 'अ' लावायचा नाही आणि शेवटी 'स' जोडून अनेकवचनही करायचं नाही. अर्थ वाचून हे कधीच कळलं नसतं.

आता शेऱ्यांकडे येऊ. त्यांच्याबाबत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेरा कुठे लिहिला आहे ती जागा. शेरा शब्दाच्या जातीलगत, पहिल्या अर्थाच्या आकड्याच्या आधी असेल, तर तो त्याखालच्या सगळ्या अर्थांना लागू असतो. आकड्याच्या नंतर असेल, तर फक्त त्या एका अर्थाला.

इंग्रजीतला 'क्विक' घ्या. विशेषण म्हणून झटपट, चपळ. या अर्थांना कसलाही शेरा नाही, कुठेही वापरा. क्रियाविशेषण म्हणून, म्हणजे 'कम क्विक' अशा प्रयोगात, शेरा आहे 'इन्फॉर्मल'. म्हणजे बोलताना चालेल, अर्जात 'क्विकली' लिहायचं. पुढे नाम म्हणून दोन अर्थ दिसतात. एक, नखाखालचं नाजूक मांस. याला शेरा नाही. दुसरा, जिवंत माणसं. इथे शेरा आहे 'आर्केइक'. म्हणजे एकाच शब्दाच्या तीन जाती, आणि आर्केइक हा शेरा त्यातल्या एका जातीच्या एका अर्थापुरता. ज्याने तो शेरा ओझरता पाहिला तो सगळा शब्दच जुना समजेल. ज्याने पाहिलाच नाही तो जिवंत माणसांना 'द क्विक' म्हणून मोकळा होईल. नोंदीच्या शेवटी व्युत्पत्ती दिलेली असते. तिथे कळतं की या शब्दाचा मूळ अर्थच 'जिवंत' होता, आणि तो संस्कृतातल्या 'जीव' या शब्दाचा दूरचा नातलग आहे. नखाखालचं मांस का, तेही तिथेच उलगडतं: तो नखाचा जिवंत भाग.

याच शब्दाने आणखी एक सापळा दिसतो. ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश अर्थ कालक्रमाने देतो, म्हणून तिथे 'जिवंत' हा अर्थ आधी येतो. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात आज सर्वाधिक चालणारा अर्थ पहिला असतो. त्यामुळे पहिला अर्थ म्हणजे मुख्य अर्थ असं धरून चालू नका. क्रम कसा लावला आहे ते त्या कोशाच्या प्रस्तावनेत दिलेलं असतं.

जुनेपणाचे शेरे एकसारखे नसतात. 'डेटेड' म्हणजे आजी-आजोबांच्या पिढीच्या तोंडी अजून आहे, तरुणांच्या नाही. 'आर्केइक' म्हणजे रोजच्या वापरातून गेला, पण जुन्या काळाचा रंग आणायला लेखक मुद्दाम वापरतात. 'ऑब्सोलीट' म्हणजे पूर्ण मेला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याला † अशी कट्यारीची खूण असते. आणि 'हिस्टॉरिकल' अगदी वेगळा: शब्द आजही चालतो, पण तो ज्या वस्तूचं किंवा पदाचं नाव आहे ते आता उरलेलं नाही. मराठीत 'चिटणीस' संस्थांमध्ये आजही असतात, पण 'फडणीस' हे पद गेलं. इतिहास लिहिताना दुसरा शब्द जुनाट ठरत नाही, तोच बरोबर असतो. भाषांतरात 'आर्केइक' आणि 'हिस्टॉरिकल' हे दोन शेरे उलटसुलट झाले, तर ऐतिहासिक लेखातली बरोबर संज्ञा कुणीतरी जुनी म्हणून बदलून टाकतं.

बोलीपणाच्या शेऱ्यांतही फरक आहे. 'इन्फॉर्मल' शब्द ओळखीच्या माणसांत कुणीही वापरू शकतं. 'स्लँग' एखाद्या गटाचा किंवा पिढीचा असतो आणि लवकर शिळा होतो, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कोशातला स्लँग आज वापरण्याआधी नव्या कोशात पाहून घ्यावा. 'डेरोगेटरी' म्हणजे बोलणाऱ्याला कमी लेखायचंच आहे. 'ऑफेन्सिव्ह' म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो, ऐकणाऱ्याला लागण्याची शक्यता आहे. हा दुसरा शेरा मी सगळ्यात गांभीर्याने घेते, कारण 'माझा तसा हेतू नव्हता' हे उत्तर तिथे पुरत नाही.

प्रदेशाचा शेरा चूक दाखवत नाही. 'प्रीपोन' पुढे इंग्रजी कोशात 'इंडियन' असं लिहिलेलं आढळेल. इथे तो शब्द सगळ्यांना कळतो. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना दुसरा शोधा, एवढाच त्याचा अर्थ.

खालच्या चौकटीतली टीप कोशकार तेव्हा लिहितात, जेव्हा एका शब्दाच्या शेऱ्यात सांगणं मावत नाही. 'लिटरली' काढून बघा. 'अगदी, फारच' या अर्थाने लोक तो सर्रास वापरतात म्हणून तो अर्थ नोंदीत आहे, त्याला 'इन्फॉर्मल' शेरा आहे आणि शिवाय टीप असते की औपचारिक लिखाणात यावर अनेकांचा आक्षेप असतो. म्हणजे कोश एकीकडे प्रघात नोंदवतो आणि दुसरीकडे त्याची किंमत सांगतो. 'कोशात आहे म्हणजे बरोबर' असा वाद घालणारे बहुधा ही टीप न वाचता बोलत असतात.

मराठी कोशांत शेऱ्यांची पद्धत थोडी वेगळी आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (1932 ते 1938, सात विभाग) कंसातली अक्षरं प्रदेश सांगतात: (गो.) म्हणजे गोमंतकी, (व.) म्हणजे वऱ्हाडी. अर्थामागे आडव्या रेघेनंतर ग्रंथाचं संक्षिप्त नाव येतं: 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, 'तुगा' म्हणजे तुकारामाची गाथा. हे मला फार आवडतं, कारण शेरा नसला तरी त्यावरून अंदाज बांधता येतो. एखाद्या अर्थाला फक्त ज्ञानेश्वरीचाच दाखला असेल आणि नंतरचा एकही नसेल, तर तो अर्थ पुढे चालला नसावा अशी शंका घ्यायला जागा आहे. शेवटच्या चौकटी कंसात सं., फा., अर. अशी अक्षरं शब्दाचं मूळ सांगतात: संस्कृत, फारसी, अरबी. ही संक्षेपांची अक्षरं कोशागणिक बदलतात, म्हणून नवा कोश हाती आला की सुरुवातीची संक्षेपांची यादी एकदा वाचून घ्या.

शब्दच सापडत नाही अशी तक्रार असेल तर आणखी एक. या जुन्या कोशांत 'करणे' नाही, 'करणें' आहे, शेवटी अनुस्वारासह. ऑनलाइन शोधताना दोन्ही रूपं देऊन बघा.

आणि कोशाचं साल पाहिल्याशिवाय शेरा नसण्यावर विश्वास ठेवू नका. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, आणि तीच आज इंटरनेटवर शोधता येते. तिथे एखाद्या शब्दापुढे जुना असल्याचा शेरा नसेल, तर तो 1857 साली जुना नव्हता, इतकंच सिद्ध होतं. आज तो चालतो का, हे बघायला अलीकडचा कोश काढा, आणि तिथेही शंका उरली तर तो शब्द आजच्या वर्तमानपत्रांत शोधून बघा.